बायोचं पहिलं वाक्य लिहायच्या आधी स्वतःला विचारायचे प्रश्न (मोडी वाचणाऱ्या बाईच्या वहीतून)

मी मोडी वाचते. लोकांच्या माळ्यावर, लोखंडी पेटीत, देवघराच्या फडताळात जुने कागद सापडतात, ते फोटो काढून मला पाठवतात आणि मी ते वाचून देवनागरीत लिहून देते. काम सुरू केलं तेव्हा कोणीतरी म्हणालं ऑनलाइन बायो टाक, मग मी रात्री जेवणं झाल्यावर बसले आणि पाच मिनिटांत लिहून टाकलं: "मोडी लिपी तज्ज्ञ, इतिहास अभ्यासक व अनुवादक. प्रदीर्घ अनुभव. विश्वासार्ह सेवा." स्वतःलाच वाचून बरं वाटलं हो.

पुढच्या दोन महिन्यांत तीन फोन आले आणि तिन्ही वाया गेले. एकाच्या कागदावर अर्धा मजकूर फारसीत होता, मला फारसी येत नाही. दुसऱ्याला इंग्रजी भाषांतर हवं होतं, कारण मी "अनुवादक" लिहिलं होतं, आणि मी तर फक्त लिप्यंतर करते, म्हणजे मोडीतली मराठी देवनागरीतल्या मराठीत. तिसऱ्याला कोर्टात लावायला सही-शिक्क्याचा कागद हवा होता, त्याचा ॲडव्हान्स मी घेऊनही बसले होते, तो परत करावा लागला. बायोत खोटं असं काही नव्हतं. पण एकही गोष्ट अशी नव्हती की जी वाचून समोरच्याला कळावं की ही बाई नक्की काय करते आणि काय नाही.

तेव्हापासून माझी पद्धत उलटी झाली. आधी वही, मग वाक्य. वहीत प्रश्न लिहायचे, त्यांची उत्तरं लिहायची, आणि उत्तरं लिहिताना विशेषण वापरायचं नाही. आता ओळखीपाळखीच्या लोकांना बायो लिहून देते तेव्हा पण हेच करते, मग ते शिवणकामवाले असोत की तबला शिकवणारे. खाली उदाहरण माझंच घेते कारण त्यातले आकडे मला माहीत आहेत.

सुरुवात: वहीचं पान कसं आखायचं

एक पान घ्या, त्यावर तीन उभे रकाने. पहिल्यात "गोष्ट", दुसऱ्यात "कशावरून", तिसऱ्यात "सांगायची की नाही". एवढंच. मोबाइलमधली एक्सेल शीट पण चालेल पण मला वही बरी पडते, खोडाखोड दिसत राहते. दुसरा रकाना रिकामा राहिला तर ती ओळ बायोत जाणार नाही, हा नियम आधीच मनाशी ठरवून टाका, नाहीतर नंतर मोह होतो.

पहिला प्रश्न: मागच्या बारा महिन्यांत मी नक्की काय केलं?

"मी कोण आहे" हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर नेहमी तज्ज्ञ, अभ्यासक, कलावंत, उद्योजक असंच येतं. काय केलं ते विचारा आणि उत्तर क्रियापदात द्या. वाचलं, लिहून दिलं, तपासलं, शिकवलं, परत पाठवलं.

आणि हे आठवून लिहू नका, प्लीज. आठवणीत फक्त मोठी आणि गाजलेली कामं राहतात. मी पेमेंटच्या ॲपमधला बारा महिन्यांचा हिशोब उघडला, व्हॉट्सॲपवर "कागद" हा शब्द शोधला, मेलमधल्या पाठवलेल्या फाइल्स बघितल्या आणि एकेक काम वहीत उतरवलं. दोन संध्याकाळी गेल्या. एकूण 41 जण निघाले. त्यातले 23 जमिनीचे कागद होते, म्हणजे खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र वगैरे. 11 जण गावातल्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी घेऊन आलेले, दाखल्यासाठी पणजोबांच्या नावापुढे काय लिहिलंय ते बघायला. 2023 च्या शेवटी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून अशा कागदांची विचारणा माझ्याकडे एकदम वाढली. 4 घराण्यातल्या पत्रांचे. आणि 3 मी परत पाठवले.

गंमत म्हणजे मी स्वतःला "इतिहास अभ्यासक" म्हणत होते आणि वर्षभरात इतिहासाचं म्हणावं असं काम फक्त त्या चार पत्रांचं. निम्म्याहून जास्त काम जमिनीचं! म्हणजे मला शोधणारा माणूस संशोधक नाही, सातबाऱ्यावरून भांडण चाललेला चुलत भाऊ आहे. ही गोष्ट मोजल्याशिवाय मला दिसली नव्हती.

दुसरा प्रश्न: समोरच्याने माझ्या हातात काय दिलं आणि मी त्याला काय परत दिलं?

हा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे म्हणून इथे जरा थांबते. प्रत्येक कामाचं "आलं काय, गेलं काय" असं लिहायचं. माझ्याकडे काय येतं? मोबाइलने काढलेला फोटो, बहुतेक वेळा तिरका आणि सावली पडलेला. कागदावर आडव्या रेघा, रेघेला लटकलेली अक्षरं, दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही, आणि शब्द अर्धे तोडून लिहिलेले. माझ्याकडून काय जातं? टाइप केलेलं देवनागरी पान, ओळीला ओळ जुळवलेली, जिथे वाचता आलं नाही तिथे टिंबं, खाली जुन्या शब्दांचे अर्थ आणि तारखेचं इंग्रजी वर्ष.

हे लिहिताना लक्षात आलं की तारखेचं काम मी प्रत्येक कागदावर करते आणि बायोत ते कुठेच नाही. कागदावर शके 1790 लिहिलेलं असतं, लोकांना वाटतं हे इंग्रजी सन आहे, मग कागद पणजोबांच्या जन्माच्याही आधीचा कसा म्हणून गोंधळ होतो. शकात 78 मिळवले की 1868, महिना पौष असेल तर कधी 78 कधी 79, आणि माघ-फाल्गुन असेल तर 79. कधी फसली असतो, कधी शुहूर सन असतो, त्यांचं गणित वेगळं. मला ही रोजची गोष्ट, पण गिऱ्हाइकाला तीच सगळ्यात उपयोगाची वाटते. स्वतःच्या हाताला सवयीची झालेली गोष्ट आपण सांगायचीच विसरतो, ती या प्रश्नाने बाहेर येते.

दुसरा फायदा असा की "अनुवादक" हा शब्द इथेच गळाला. आलं मराठी, गेलं मराठी, फक्त लिपी बदलली. मग अनुवाद कुठला. तुमच्या कामात पण असा एखादा शब्द असेल बघा, डिझाइन करतो म्हणणारा खरं तर तयार डिझाइनवर नावं बदलून देत असतो, त्यात कमीपणा काही नाही पण फोन चुकीचे येतात.

तिसरा प्रश्न: कधीपासून आणि किती?

"दहा वर्षांचा अनुभव" लिहायच्या आधी विचारा, कशापासून मोजलं? माझ्याकडे तीन तारखा निघाल्या. 2016 ला मी दहा दिवसांचा मोडीचा वर्ग केला. 2017 पूर्ण वर्ष मी घरचेच आणि नातेवाइकांचे कागद वाचत बसले, फुकट, आणि चुकत. पैसे घेऊन पहिला कागद वाचला 2018 मध्ये. अनुभव कुठून धरायचा? माझं मत, जिथून दुसऱ्याने तुमच्या कामावर भरवसा ठेवून पैसे दिले किंवा जबाबदारी दिली तिथून. शिकण्याची वर्षं वेगळी सांगता येतात, त्यात मिसळू नका.

आणि वर्षांची संख्या लिहू नका, सन लिहा. "7 वर्षांचा अनुभव" पुढच्या वर्षी चुकीचा होतो आणि कोणी बदलत नाही. "2018 पासून" कायम बरोबर राहतं.

आकड्यांचं दुसरं दुखणं म्हणजे आपण काय मोजतोय ते. मला "300 हून जास्त कागद" असं लिहायचं होतं, ऐकायला छान. मोजलं तर 300 च्या वर पानं होती, कागद नाहीत, आणि त्यातली 60 पानं एकाच घरातल्या एकाच दफ्तराची. कोणी विचारलं असतं की 300 लोकांचं काम केलंत का तर मी काय सांगणार होते? शेवटी आकडा बायोतून काढलाच, वहीत ठेवला. आकडा टाकायचाच असेल तर एकक पण टाका, पानं का माणसं का तास, आणि मुदत टाका.

चौथा प्रश्न: हे कशावरून?

आता दुसरा रकाना भरायचा. प्रत्येक ओळीसमोर, उद्या कोणी दाखवा म्हटलं तर काय दाखवाल ते. वर्गाचं प्रमाणपत्र असेल तर ते काढून समोर ठेवा आणि त्यावरचे शब्द जसेच्या तसे उतरवा. मी अनेक वर्षं "मोडीचा कोर्स उत्तीर्ण" असं सांगत होते, प्रमाणपत्र बघितलं तर त्यावर "वर्गास उपस्थित राहिल्याबद्दल" असं छापलेलं. परीक्षा त्यात नव्हतीच! मुद्दाम खोटं बोलले नव्हते, आठवणीने आपणहून बढती दिली होती.

बायकांनी अजून एक बघायचं. प्रमाणपत्रावर नाव कुठलं आहे? माझ्या प्रमाणपत्रावर माहेरचं, पेमेंट येतं त्या खात्यावर सासरचं, आणि फेसबुकवर नुसतं नाव आणि वडिलांचं नाव. कोणी पडताळायला गेलं तर तीन बायका सापडतील. मी ठरवलं की कामाचं नाव एकच, आणि दुसऱ्या रकान्यात लिहून ठेवलं की प्रमाणपत्र माहेरच्या नावावर आहे. बायोत हे लिहायची गरज नाही, पण विचारलं तर अडखळायला नको.

ज्याला कागदी पुरावा नाही अशा गोष्टीसाठी माणूस चालतो. "जमिनीचे कागद नीट वाचते" याला प्रमाणपत्र कुठून आणणार, पण ज्या तीन-चार लोकांनी दुसऱ्यांदा काम दिलं त्यांना विचारता येतं की तुमचा नंबर दिला तर चालेल का. असा माणूस पण नसेल तर ती ओळ खोडा, निदान तूर्तास.

पाचवा प्रश्न: मला काय येत नाही, आणि काय मी करत नाही?

हा प्रश्न लोक टाळतात. मी पण टाळला होता, म्हणून ते तीन फोन. वहीत मी परत पाठवलेली कामं काढली आणि का परत पाठवली ते लिहिलं. एक फारसी मजकुराचं. एक फोटो इतका वाईट की वाचणं शक्य नाही. आणि एक शिवकालीन पत्र, त्या काळच्या मोडीचं वळण वेगळं, मला त्यातलं निम्मंच लागलं, ते मी अनुभवी सरांकडे पाठवून दिलं.

इथून माझ्या बायोतली सगळ्यात उपयोगी माहिती निघाली. मोडी म्हणजे एकच एक गोष्ट नाही. शिवकालीन वेगळी, पेशवेकालीन वेगळी, 1818 नंतर इंग्रजी अमलातली अजून वेगळी, आणि एक वाचता येते म्हणून दुसरी सफाईने येईलच असं नाही. माझे 41 पैकी जवळजवळ सगळे कागद 1818 नंतरचे. मग "मोडी तज्ज्ञ" मधला तज्ज्ञ काढून तिथे काळ टाकला तर वाचणाऱ्याला जास्त कळतं आणि मलाही झोप लागते. कुठलंही विशेषण खोडताना हेच करून बघा, त्याच्या जागी काळ, जागा, वस्तू किंवा माणूस यातलं काय बसतं. "अनुभवी" च्या जागी सन बसतं. "दर्जेदार" च्या जागी बहुतेक वेळा काहीच बसत नाही, मग ते नुसतंच जातं.

सहावा प्रश्न: यातलं दुसऱ्याचं काय आहे?

तिसरा रकाना. माझ्याकडे येणारे कागद लोकांच्या घरातले असतात, त्यात वाटण्या, कर्ज, दत्तक, सगळं. एकदा मी हौसेने बायोखाली लिहिलं होतं की अमुक गावच्या अमुक घराण्याचं गहाणखत वाचलं. त्या घरातल्या एकाचा फोन आला, आवाज चढवला नाही त्याने पण एवढंच विचारलं की आमच्या आजोबांनी जमीन गहाण टाकली होती हे तुम्ही गावाला का सांगताय. मी लगेच काढलं. तेव्हापासून नियम, कागदाचा प्रकार आणि काळ सांगायचा, गाव आणि आडनाव दोन्ही मिळून कधीच नाही. ज्याच्यासाठी काम केलं त्याचं नाव हवंच असेल तर मेसेजवर लेखी हो घ्यायचं, फोनवरचं हो नंतर कोणालाच आठवत नाही. स्वतःच्या बाबतीत पण हेच, घराचा पत्ता, मुलांची शाळा, जन्मतारीख, यातलं बायोत काही लागत नाही. गाव किंवा शहर पुरतं.

सातवा प्रश्न: हे कुठे छापून येणार आणि किती जागा आहे?

हा मुद्दाम शेवटी ठेवला. आधी जागा बघितली की आपण जागेपुरतंच आठवतो. इन्स्टाग्रामच्या बायोला 150 अक्षरांची मर्यादा आहे, एक्सवर 160, लिंक्डइनच्या नावाखालच्या ओळीला 220 आणि तिथल्या मोठ्या परिचयाला 2600. पण देवनागरीत लिहिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, इथे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. "लिप्यंतर" आपल्याला चार अक्षरं वाटतात, मोजणी होते आठ: ल, वेलांटी, प, हलन्त, य, अनुस्वार, त, र. म्हणजे 150 ची जागा मराठीत बरीच लवकर संपते आणि जोडाक्षरांचे भारदस्त शब्द सगळ्यात जास्त जागा खातात.

आता वाक्यं

वहीत आता माझ्याकडे दोन पानं भरून ओळी होत्या. त्यातल्या दुसरा रकाना भरलेल्या आणि तिसऱ्यात "सांगायची" लिहिलेल्या ओळींना टिक केली, अकरा उरल्या. मग वाक्यं करायला लागला फक्त अर्धा तास. मोठा परिचय असा झाला:

"मी मोडी लिपीतले मराठी कागद वाचून देवनागरीत लिहून देते. 2018 पासून हे काम करतेय. बहुतेक कागद 1818 नंतरचे असतात: खरेदीखतं, गहाणखतं, वाटणीपत्रं आणि गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. सोबत जुन्या शब्दांचे अर्थ आणि तारखेचं इंग्रजी वर्ष देते. फारसी मजकूर, इंग्रजी भाषांतर आणि कोर्टासाठी सही-शिक्क्याचं काम मी करत नाही. मुक्काम सातारा, कागदाचे फोटो व्हॉट्सॲपवर चालतात."

यातला प्रत्येक तुकडा कुठल्या प्रश्नातून आला ते बघा. पहिलं वाक्य दुसऱ्या प्रश्नाचं. सन तिसऱ्याचं. कागदांची नावं पहिल्या प्रश्नाच्या मोजणीतून, म्हणून जमिनीचे कागद आधी आणि नोंदी नंतर, पत्रं नाहीतच. "1818 नंतरचे" आणि "करत नाही" ही दोन्ही पाचव्याची. दहा दिवसांचा वर्ग यात नाही, कारण मला कागद पाठवणाऱ्याला त्याने काही कळत नाही. एखाद्या संस्थेला परिचय पाठवायचा असेल तर तिथे मी तो घालते, "उपस्थित" या शब्दासकट.

छोटा बायो: "मोडी ते देवनागरी लिप्यंतर. 1818 नंतरची जमीन व घराण्याची कागदपत्रं. 2018 पासून. सातारा." सगळ्या वेलांट्या-मात्रा धरून हा नव्वदच्या आत बसतो, उरलेल्या जागेत "फारसी नाही" पण टाकता येतं आणि मी टाकलंय.

शेवटी एक तपासणी. हा मजकूर फोनवरून अशा माणसाला वाचून दाखवा ज्याला तुमच्या कामातलं काही कळत नाही, आणि मग त्यालाच विचारा की मी काय करते ते सांग. मी माझ्या वहिनीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुम्ही जुने जमिनीचे कागद वाचून देता, पण कोर्टाचं काम करत नाही." बरोबर. मग तिने विचारलं, "आणि फोटो नीट नसेल तर?" हे माझ्या वहीत होतं, परत पाठवलेल्या तिघांपैकी एकाचं कारण तेच होतं, पण वाक्यात आलं नव्हतं. म्हणून शेवटच्या ओळीत "कागदाचे फोटो" च्या आधी "उजेडात, सरळ काढलेले" एवढे शब्द वाढले.

वही मी दर पाडव्याला उघडते, मागच्या बारा महिन्यांची कामं परत मोजते. यंदा नोंदींचे कागद जमिनीच्या कागदांपेक्षा जास्त निघाले, म्हणून बायोत त्यांचा क्रम बदलला, बाकी काही हलवलं नाही.